बाबागाडीवरचं प्लास्टिक

आमच्या पोरीला घरात झोप यायची नाही. यायची म्हणजे यायची, पण वीस मिनिटांची. कुकरची शिट्टी झाली, लिफ्टचं दार आपटलं, शेजारच्यांनी भिंतीत ड्रिल घातलं, की ही टक्क जागी. मग किरकिर, मग रडणं. आणि पलीकडच्या खोलीत मी. थर्ड शिफ्ट करून सकाळी आठला घरी आलेला, डोळ्यांत वाळू घातल्यासारखं झालेलं. रावेतमधलं वन बीएचके. त्यात दिवसा झोपायला दोन माणसं, आणि एकीच्या रडण्याने दुसऱ्याची झोप मोडणार.

मी चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला आहे. गाडीचा सांगाडा रंगतो आणि ओव्हनमध्ये भाजून बाहेर येतो, तिथे. आमच्याकडे धूळ म्हणजे वैरी. अंगावर सूट, डोक्यावर टोपी, आत जाताना हवेचे फवारे. एक कण रंगात बसला तरी बॉनेट परत घासायचं. चौदा वर्षं हे केल्यावर माणसाच्या डोक्यात धूळ बसते ती बसतेच. घरी टीव्हीवर बोट फिरवून बघायची मला सवय. बायको म्हणायची, "इथे तुझा इन्स्पेक्शनचा दिवा नाहीये, झोप आता."

त्या वर्षी नवी लाइन बसवायला बाहेरदेशाचा एक इंजिनिअर आला होता. थंड देशातला. चहाच्या सुट्टीत मी त्याला झोपेचं रडगाणं ऐकवलं, तर त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. अंगणात बर्फ, आणि बर्फात बाबागाडी, आणि गाडीत त्याचं पोरगं ढाराढूर. म्हणे आमच्याकडे सगळीच पोरं दुपारची बाहेर झोपतात, घरात झोपतात त्याच्या दुप्पट. मोकळी हवा. मग मानेमागे दोन बोटं लावून त्याने खुणेने सांगितलं की आम्ही इथे हात लावून बघत राहतो, पोर गार पडलंय का तापलंय. मी हसलो. मनात म्हटलं, गार पडायला आमच्याकडे बर्फ कुठाय! त्याच्या बोलण्यातला तो अर्धा भाग मी तिथेच चहाच्या कपाबरोबर टाकून दिला.

बाबागाडी घरात होतीच. बारशाला सासुरवाडीकडून आलेली, चांगली, पाठ पूर्ण आडवी होणारी. बायकोची रजा संपली, ती थेरगावच्या शाळेत परत रुजू झाली, तेव्हा पोर सात महिन्यांची होती. सांभाळायला मी आईला गावाहून आणलं. मावळातलं आमचं गाव, वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच. ती तीन लुगडी आणि एक पिशवी घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "हितं वारंच न्हाई रं. पोरीला वारं लागाया पायजे. तुला मी भातलावणीला बांधावरच्या आंब्याला झोळी बांधून निजवायची. पार चार तास निजायचास."

म्हटलं, झालं की मग! तो बर्फवाला आणि माझी आई, दोघांचं एकच म्हणणं.

आमच्या बी विंगच्या मागे, पश्चिमेच्या अंगाला, एक फरसबंद पट्टा आहे. दोन बाकं, चार कुंड्या. सकाळभर इमारतीची सावली तिथे पडते. रस्ता समोरच्या बाजूला, म्हणून गाड्यांचा धूर नाही. साडेदहाला मी पोरीला पाजून झाल्यावर गाडीत घालायचो, पट्टा लावायचो, खाली न्यायचो, ब्रेक दाबायचो. आई शेजारच्या बाकावर बसायची. आणि खरं सांगतो राव, पोरगी झोपायची. पहिल्या दिवशी सव्वा तास. दुसऱ्या दिवशी दीड. उठायची तीही हसत. संध्याकाळची तिची किरकिर कमी झाली, दूध नीट प्यायला लागली. आणि मी वर अंथरुणात मेल्यासारखा पडायचो. कानात कंपनीतले नारंगी प्लग, फोन सायलेंटवर. पंधरा दिवस आमचं घर सुखात होतं. आई तर बिल्डिंगमधल्या बायकांना सांगत सुटली होती, "घरात निजवू नका गं पोरं, भायेर निजवा."

तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू झालं.

एका सुट्टीच्या दिवशी मी पोरीला वर आणली तर तिच्या पापण्यांवर पांढरी धूळ. सिमेंटची. माझं डोकंच फिरलं. शहाण्या माणसाने काय केलं असतं? गाडी दुसरीकडे नेली असती, नाहीतर त्या दिवसांपुरतं घरातच निजवलं असतं. मी काय केलं? गाडीच्या खालच्या कप्प्यात पावसासाठीचं प्लास्टिकचं कव्हर होतं, पारदर्शक, चारी बाजूंनी इलॅस्टिकचं. ते काढलं आणि चढवलं. इतकं घट्ट, इतकं नेटकं बसलं की मला आमच्या कंपनीतल्या रंगाच्या बूथची आठवण झाली. आत पोरगी स्वच्छ, बाहेर धूळ. मी स्वतःवरच खूश झालो.

आईला ते आवडलं नाही. "झाकू नको बाबा, त्वांड मोकळं पायजे. वारं फिराया पायजे."

"वरून दिसतंय की सगळं. आणि खाली फट आहे, तिथून येते हवा," मी म्हटलं.

"फटीतून उंदीर येतो. वारं न्हाई येत."

तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी अंगावर शाल लागायची, त्यामुळे दोन-तीन दिवस काही जाणवलं नाही. चौथ्या दिवशी आईने माझं न ऐकता कव्हर वर केलं. त्याचा कडकड आवाज झाला, पोरगी दचकून उठली आणि जी रडायला लागली ती थांबेना. आई तिला घेऊन वर आली, बेल वाजवत बसली. दोन डबल शिफ्ट लागोपाठ करून मी नुकता डोळा लावला होता. मी तसाच गाडी आणायला खाली गेलो, आई पोरीला घेऊन मागोमाग आली. आणि तिथे, वॉचमनसमोर, दोन बायकांसमोर, मी माझ्या आईला बोललो. काय काय बोललो ते सगळं आठवतं, पण लिहवत नाही. शेवटचं एवढं लिहितो: "तुला काही कळत नाही. आजपासून गाडीला हात लावायचा नाही. नुसतं बसायचं!"

आईने पदर नीट केला आणि म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी कंपनीची बस तळेगाव चौकात अडकली. घरी यायला पावणेदहा झाले. पोरीचं सगळं पाऊण तासाने पुढे गेलं. पोरीला खाली नेईपर्यंत सव्वाअकरा. सावली होती, हवाही बरी होती. अंगात पूर्ण बाह्यांचं झबलं, वर दुपटं. कव्हर चढवलं, ब्रेक दाबला, आईकडे न बघता वर आलो, कानात प्लग घातले.

पुढचं मला आईने सांगितलं, तेही एकदाच, नंतर कधी नाही. साडेबाराला सूर्य इमारतीच्या माथ्यावर आला आणि सावली सरकायला लागली. आधी चाकांवर ऊन आलं, मग दांड्यावर, मग सगळ्या गाडीवर. गाडी हलवावी तर ब्रेक कसा सोडायचा ते तिला ठाऊक नव्हतं, आणि हात लावायचा नाही असं लेकाने चारचौघांत सांगितलेलं. म्हणून ती उठली आणि ऊन आणि गाडी यांच्या मधे उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी पसरून. सदुसष्ट वर्षांची माझी आई, आपली सावली पोरीवर पाडत उभी राहिली. पण प्लास्टिकच्या आत जे तापायचं ते तापतच होतं.

पोरगी उठत नव्हती. रोज बाराला उठणारी, एक वाजत आला तरी निजलेलीच. आईने मला फोन लावला. परत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्या एका बाईने म्हणे कौतुक केलं, "किती शांत झोपते हो तुमची नात!" आई म्हणाली, म्या तवाच वाकून बघितलं. प्लास्टिकला आतून वाफ धरली होती, तोंड दिसत नव्हतं. मग तिने माझा शब्द मोडला. इलॅस्टिक सापडेना म्हणून कव्हर फाडूनच काढलं. पोरगी लालबुंद, केस ओले, मान कलंडलेली. श्वास भराभर. हाक मारली तर डोळे अर्धे उघडून परत मिटले.

लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. आई तीन मजले पोरीला घेऊन चढली. बेल मला ऐकू आली नाही. दार लाथेने वाजत होतं ते जमिनीतून जाणवलं, तेव्हा मी उठलो.

पोर माझ्या हातात आली तेव्हा पाठ नुसती पेटलेली. आईनेच तिचे कपडे उतरवले, पंख्याखाली घेतलं, साध्या पाण्याने अंग पुसायला लागली. मी काय करत होतो? मी मोटरसायकलची किल्ली शोधत होतो, जी माझ्या हातात होती. शेवटी शेजाऱ्याने आम्हाला त्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वाटेभर आई ओलं फडकं फिरवत होती आणि पुटपुटत होती, "आई गं, जगदंबे, माझं काय बी घे."

पोरगी वाचली. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यानंतरचं जे आहे ते तिच्या वाचण्या-न वाचण्याइतकंच मला जड आहे.

सलाइन लागलं, तास-दीड तासाने ती रडली. तसलं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. बायको शाळेतून धावत आली होती, हाताला खडू तसाच. डॉक्टरीणबाई वयस्कर, शांत. त्यांनी विचारलं, झोप किती वेळ होती. मी म्हटलं, पावणेदोन तास, एकदम गाढ. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गाढ नव्हती हो ती. उन्हाने मलूल झाली होती. जास्त वेळ झोपलं म्हणजे चांगलं झोपलं असं नसतं. बाहेर झोपवण्याला माझी ना नाही. काही मुलं खरंच जास्त वेळ झोपतात बाहेर, सगळीच नाही. पण सावली हवी, आणि ती सरकते हे लक्षात हवं. वर काहीही झाकायचं नाही. प्लास्टिक तर नाहीच, साधा पातळ पंचासुद्धा नाही. आत हवा कोंडते आणि बघता बघता तापते. डास असतील तर जाळीची मच्छरदाणी, सैल. आणि दर थोड्या वेळाने मानेमागे हात लावून बघायचं. हातपाय नाही, मान."

मानेमागे दोन बोटं. मला तो बर्फवाला आठवला.

मग त्यांनी लिहिता लिहिता सहज विचारलं, "कव्हर कुणी घातलं होतं?"

खोलीत आम्ही तिघं. बायको पोरीच्या पायाशी, मी दाराशी, आई कोपऱ्यात स्टुलावर. तिचा पदर अजून ओला होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "म्या."

बायकोने वळून बघितलं. "आई, तुम्ही? आणि तिथेच बसला होतात ना? एवढं ऊन आलं तरी?"

"व्हय. माजंच चुकलं."

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो. एक थेंब, दुसरा थेंब. अजून बोलता आलं असतं. दहा थेंब पडेपर्यंत बोलता आलं असतं. मी बोललो नाही. बाहेर जाऊन फोन काढला, तर त्यावर आईचे सात मिस्ड कॉल. मी ते पुसून टाकले. भेकड माणूस किती चपळ असतो बघा.

बायको भांडली नाही. भांडली असती तर मी फुटलो असतो. ती फक्त म्हणाली, पाळणाघर बघू. आणि आई असेपर्यंत पोर स्वतःच्या हातून सोडली नाही. आई पोरीला घ्यायला हात पुढे करायची आणि अर्ध्यात मागे घ्यायची. चार दिवसांनी म्हणाली, "मला गावाला सोड. हितं माजा काय उपेग न्हाई."

मी तिला मोटरसायकलवरून एसटीच्या थांब्यावर नेलं. गाडी यायला वेळ होता. म्हटलं, "आई, मी सांगतो तिला. आजच सांगतो."

"गप ऱ्हा. तुमाला दोघांना संसार करायचाय. तिचा तुज्यावरचा इस्वास गेला तर पोरीनं कुणाकडं बघायचं? माजं काय, मी तिकडं एकली. मला कोण इचारतंय." एसटी आली. पायरीवर चढून ती वळली, "मान बघत जा तिची." आणि गेली.

आणि मी ते सोयीचं म्हणून मान्य केलं. आईनेच सांगितलंय ना, गप राहा. आईचं ऐकणारा गुणी मुलगा! चार वर्षं मी हे औषध रोज घेतलं. सणाला गावी जायचो, बायको सासूच्या पाया पडायची, नीट बोलायची, तिला साडी न्यायची. फक्त पोरीला तिच्यापाशी एकटं सोडायची नाही. भावकीतही कुणकुण लागली होती. चुलतभावाला मुलगा झाला तेव्हा बारशाला कुणीतरी हसत म्हणालं, "म्हातारीकडं नका देऊ, गुंडाळून ठेवंल." आईही हसली. मी तिथेच पंगतीत होतो, जिलेबी खात होतो.

यंदा आम्हाला दुसरं झालं. मुलगा. त्याला दुपारचं बाहेर निजवायचं बायकोनेच ठरवलं. ती डॉक्टरीणबाईंचं बोलणं पाठ केल्यासारखी वागते. धूळ उडत असेल त्या दिवशी घरात. नाहीतर सावलीत, गाडीची पाठ आडवी, पट्टा, ब्रेक, टपावरून सैल जाळी, आणि ती स्वतः शेजारी. दहा-पंधरा मिनिटांनी तिची दोन बोटं त्याच्या मानेमागे जातात. पोरगं निजतं बरं का. मोकळ्या हवेने निजतं की आई जवळ आहे म्हणून, देव जाणे.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. जेवणं झाल्यावर बायकोने त्याला अंगणात, घराच्या सावलीत गाडीत निजवलं आणि मोरीवर भांडी घासायला बसली. मी ओट्यावर आडवा झालो होतो. आई उंबऱ्यात, सुपात तांदूळ निवडत. पोरगी मांजरामागे. माझा डोळा लागला असावा. उघडला तेव्हा सावली सरकली होती, आणि गाडीपुढे आई उभी होती.

पदर दोन्ही हातांनी पसरून. पाठ उन्हाकडे. हात थरथरत होते, तरी खाली घेत नव्हती. गाडीला स्पर्श नाही, जाळीला स्पर्श नाही.

बायको पदराला हात पुसत आली. "अहो आई, असं काय करताय? गाडी सरकवायची की नुसती."

"नगं बाई. म्या न्हाई हात लावत. तूच सरकव."

"अहो, पण..." बायकोला हसू येत होतं. मग ते गेलं. ती आईच्या पसरलेल्या पदराकडे बघत राहिली.

मी ओट्यावरून उठलो. पायांत चप्पलही नव्हती. म्हटलं, "कव्हर मी घातलं होतं."

"गप रं!" आई ओरडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ओरडली.

"मी घातलं होतं. ती नको म्हणत होती. मी तिला चारचौघांत बोललो, हात लावायचा नाही म्हणून. ती अशीच उभी होती उन्हात. सात फोन केले तिने मला."

बायको अजूनही माझ्याशी फारशी बोलत नाही, कामापुरतं बोलते. त्या वेळी ती फक्त म्हणाली, "चार वर्षं?" माझ्याकडे बघून नाही. आईकडे बघून. मग तिने आईचे हात धरून खाली घेतले, जाळी बाजूला केली, झोपलेल्या पोराला उचललं आणि आईपुढे धरलं. "घ्या, आई."

आईने बघितलं. पोरगं झोपेत ओठ हलवत होतं. आईने दोन बोटं त्याच्या मानेमागे नेली, लावली, आणि काढून घेतली.

"थंड हाय," ती म्हणाली. "पण आता घेववत न्हाई गं. हात कापत्यात माजे. पाडीन मी त्याला. तूच घे."

आणि पदर डोक्यावर घेऊन ती तांदूळ निवडायला आत गेली.